‘ही खरेदी माझी नव्हेच!’

दिवाळी होऊन महिना उलटलेला असतो. येवल्यातला एक पैठणी विक्रेता सकाळी ईमेल उघडतो, तर पेमेंट गेटवेचा निरोप आलेला असतो. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या एका व्हिसा कार्डावरून 18,500 रुपयांची विक्री झाली होती आणि आता त्या कार्डाच्या मालकीणबाईंचं म्हणणं आहे की ही खरेदी त्यांना ओळखीची वाटत नाही. रक्कम पुढच्या जमेतून वळती करून घेतली आहे, वर दंडवजा शुल्कही लावलं आहे. काही म्हणायचं असेल तर सात दिवसांत कागदपत्रं पाठवा, असं शेवटी लिहिलेलं असतं. पैठणी तर कधीच न्यू जर्सीला पोहोचली आहे.

हा दाखला रचलेला आहे, पण परदेशात माल पाठवणाऱ्या कोणत्याही छोट्या विक्रेत्याला तो परका वाटणार नाही. कार्डाचा व्यवहार असा उलटा फिरतो त्याला ‘चार्जबॅक’ म्हणतात. ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करतो, ती बँक व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत ओढते आणि दुकानदाराची बँक ते दुकानदाराकडून वसूल करते. आधी पैसे जातात, मग बाजू ऐकली जाते.

हे दुकानदाराला अन्यायाचं वाटतं, पण कायद्याचा कल मुळातच ग्राहकाकडे आहे. अमेरिकेत 1974च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याने ग्राहकाला क्रेडिट कार्डाच्या बिलावर हरकत घेण्याचा हक्क दिला. परवानगीशिवाय कार्ड वापरलं गेलं, तर ग्राहकावर तिथे फार तर 50 डॉलरचा बोजा पडतो आणि बहुतेक बँका तेवढाही टाकत नाहीत. त्यामुळे ‘मी हे घेतलं नाही’ असं ग्राहकाने म्हटलं की बँक त्याच्यावर विश्वास ठेवूनच सुरुवात करते. उलट सिद्ध करण्याचं काम दुकानदाराकडे येतं.

ओटीपी नसलेली दारं

आपल्याकडे ऑनलाइन खरेदी करताना ओटीपी इतका अंगवळणी पडला आहे की जगभर असंच असेल, असं वाटतं. तसं नाही. भारतात रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009पासून कार्डावरच्या ऑनलाइन खरेदीला ही जास्तीची पडताळणी सक्तीची केली. अमेरिकेत अशी सक्ती नाही. तिथल्या कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले की व्यवहार पार पडतो. म्हणून येवल्याच्या दुकानदाराला ‘ओळखत नाही’ ही तक्रार पुण्या-मुंबईच्या ग्राहकाकडून क्वचितच येते. येते ती परदेशी कार्डावरून, आणि पुष्कळदा तिथे राहणाऱ्या आपल्याच माणसांच्या कार्डावरून.

उत्तर लिहायला बसण्याआधी दुकानदाराने पहिली नोंद बघायची ती इथेच. गेटवेच्या व्यवहार तपशिलात ‘ईसीआय’ नावाचा एक छोटा आकडा असतो. कार्ड देणाऱ्या बँकेने ओटीपी, ॲप किंवा तत्सम मार्गाने ग्राहकाची ओळख पटवली होती का, हे तो सांगतो. व्हिसामध्ये 05 म्हणजे ओळख पटली, 06 म्हणजे दुकानदाराने पडताळणीचा प्रयत्न केला पण समोरच्या बाजूने ती पूर्ण झाली नाही, आणि 07 म्हणजे पडताळणीच नाही. मास्टरकार्डमध्ये हेच आकडे 02, 01 आणि 00 असे आहेत. पहिल्या दोन स्थितींत फसवणुकीच्या तक्रारीचा भार सर्वसाधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. तसा आकडा हाती असेल, तर गेटवेकडून पडताळणीची नोंद मागवून जोडायची. बाकीचं पाल्हाळ लावायची गरज नाही.

आपल्या पैठणीच्या व्यवहारात मात्र आकडा 07 निघाला. म्हणजे आता पुराव्यावरच भिस्त.

नेमका प्रश्न काय?

बहुतेक विक्रेते इथेच हरतात. हाताशी असेल ते सगळं ते गोळा करतात: बिल, कुरिअरची पावती, साडीचे फोटो, परताव्याचे नियम, ‘ग्राहकाने अटी मान्य केल्या होत्या’ हे वाक्य, कार्डाला बँकेची मंजुरी मिळाली होती त्याचा आकडा. वीस पानांचं बाड जातं आणि नकार येतो.

कारण ग्राहकाने ‘माल मिळाला नाही’ असं म्हटलेलंच नसतं. माल वाईट होता, असंही म्हटलेलं नसतं. तिचं म्हणणं एवढंच असतं की खरेदी करणारी ती नव्हे. चोराने कार्ड वापरलं असतं तरीही बिल बनलंच असतं, बँकेची मंजुरी मिळालीच असती, मागचे तीन आकडे जुळलेच असते आणि कुरिअरवाल्याने कुणाची तरी सहीही घेतली असती. चोर असतानाही जो पुरावा असाच दिसला असता, तो इथे निरुपयोगी. कामाचा पुरावा एकच गोष्ट सांगतो: कार्डाची मालकीण, किंवा तिच्या घरातलं कुणी, आणि ही ऑर्डर देणारी व्यक्ती यांचं नातं.

तक्रारीसोबत आलेला कारणाचा क्रमांक म्हणूनच आधी वाचायचा. व्हिसात कार्ड समोर नसताना झालेल्या फसवणुकीचा क्रमांक 10.4 आहे, मास्टरकार्डमध्ये 4837. क्रमांक ‘माल मिळाला नाही’चा असेल, तर कुरिअरची पावती राजा असते. 10.4 मध्ये तीच पावती एकटी असली तर प्यादं ठरते.

जुन्या खरेद्यांची साक्ष

व्हिसाने 15 एप्रिल 2023पासून या प्रकारासाठी एक नियम लागू केला. त्याला व्यवसायात ‘कम्पेलिंग एव्हिडन्स 3.0’ म्हणतात. त्यामागचा विचार साधा आहे. जिने याच कार्डाने, याच दुकानातून, याच पत्त्यावर पूर्वी माल घेतला आणि कधी तक्रार केली नाही, तिने आताच्या खरेदीला ‘मी नव्हेच’ म्हणणं पटण्यासारखं नाही.

अटी मात्र काटेकोर आहेत. त्याच कार्डावरच्या किमान दोन जुन्या खरेद्या दाखवाव्या लागतात. त्यांच्यावर फसवणुकीची तक्रार झालेली नसावी. त्या हरकतीच्या तारखेच्या आधी 120 ते 365 दिवसांच्या पट्ट्यात असाव्यात. आणि चार नोंदींपैकी किमान दोन नोंदी, जुन्या दोन्ही खरेद्यांत आणि वादातल्या खरेदीत, सारख्याच असाव्यात. त्या चार नोंदी म्हणजे ग्राहकाचं लॉगिन खातं, माल पाठवण्याचा पत्ता, इंटरनेटचा आयपी पत्ता आणि उपकरणाची ओळख, म्हणजे फोन किंवा संगणकाचा ठसा. जुळलेल्या दोन नोंदींपैकी एक तरी आयपी किंवा उपकरणाची हवीच. नुसतं खातं आणि घरचा पत्ता जुळून भागत नाही.

120 दिवसांची अट विचित्र वाटते, पण तिला कारण आहे. फसवणुकीची हरकत घ्यायला व्हिसाच्या नियमात साधारण 120 दिवसांची मुदत असते. त्यापेक्षा जुन्या खरेदीवर ती मुदत उलटून गेलेली असते, म्हणून ती ‘निर्वाद’ धरता येते. कालच्या खरेदीवर उद्याही तक्रार होऊ शकते, तेव्हा ती साक्षीदार म्हणून चालत नाही.

आता आपला दाखला या मापाने तपासू. हरकतीची तारीख 12 डिसेंबर. या कार्डावर दुकानाच्या वहीत तीन जुन्या खरेद्या सापडतात. 5 जानेवारीला संक्रांतीसाठी घेतलेली काळी चंद्रकळा, 18 मार्चला गुढीपाडव्यासाठी घेतलेली खणाची कापडं आणि 3 सप्टेंबरला घेतलेली पैठणीची ओढणी. विक्रेत्याचा पहिला मोह सप्टेंबरची खरेदी पुढे करण्याचा होतो, कारण ती सगळ्यात ताजी आणि रकमेनेही मोठी. पण ती हरकतीच्या आधी फक्त 100 दिवसांची आहे, म्हणून मोजणीतून बाद. जानेवारीची 341 दिवसांपूर्वीची आणि मार्चची 269 दिवसांपूर्वीची. दोन्ही पट्ट्यात बसतात.

मग नोंदी. तिन्ही वेळा लॉगिन एकाच ईमेलचं आहे. माल एकाच घरी गेला आहे. आयपी पत्ताही तिन्ही वेळा तोच निघतो, कारण बाईंनी घरच्या वाय-फायवरून ऑर्डर दिली होती. म्हणजे तीन नोंदी जुळल्या आणि त्यातली एक आयपीची आहे. अटी पूर्ण झाल्या. तिन्ही खरेद्यांत काय विकलं, त्याचं एकेका ओळीचं वर्णन जोडलं की पुराव्याचा गाभा तयार.

ही साखळी तुटण्याच्या जागाही ठाऊक असाव्यात. ऑर्डर मोबाइल डेटावरून दिली असेल, तर आयपी दर वेळी वेगळा निघतो. अशा वेळी उपकरणाच्या ठशाची नोंद ठेवलेली असेल तरच निभाव लागतो. मार्चमध्ये बाईंनी दुसरं कार्ड वापरलं असतं, तर ती खरेदी मोजली गेली नसती. ‘खातं न उघडता खरेदी’ हा पर्याय निवडलेला असेल, तर लॉगिनची नोंदच नसते. आणि पहिल्यांदाच आलेल्या ग्राहकाला हा नियम लागूच पडत नाही.

इतिहास नसेल तर

तेव्हा दुसऱ्या फळीतले पुरावे कामाला येतात. अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या कार्डांना पत्ता पडताळणीची सोय असते, तिला ‘एव्हीएस’ म्हणतात. ग्राहकाने भरलेला बिलाचा पत्ता बँकेकडच्या पत्त्याशी जुळतो का, हे त्यातून कळतं. घरक्रमांक आणि पिनकोड दोन्ही जुळले की `Y` हे उत्तर येतं. माल नेमका त्याच पत्त्यावर पोहोचल्याचं कुरिअरने नोंदवलेलं असेल, तर हा जोड पुरावा म्हणून स्वीकारला जातो. एकटी पावती प्यादं असते म्हणालो ते यासाठीच: पत्ता जुळल्याची नोंद बाजूला ठेवली की ती वजनदार होते. आपला गेटवे परदेशी कार्डांसाठी ही पडताळणी करतो का, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

दुसरा पुरावा संवादाचा. साडीच्या धंद्यात तो आपोआप तयार होतो. ‘फॉल-पिको करूनच पाठवा’, ‘ब्लाउजपीस त्याच काठाचा आहे ना?’, ‘पार्सल मिळालं, रंग फोटोपेक्षाही छान आहे’ असे व्हॉट्सॲप संदेश ऑर्डरवर लिहिलेल्याच फोन क्रमांकावरून आले असतील, तर ते सोन्यासारखे. अट एकच, तो क्रमांक आणि ऑर्डर यांचा संबंध कागदावर दिसला पाहिजे. संदेश मराठीत असतील, तर प्रत्येकाखाली इंग्रजी अर्थ लिहावा, कारण वाचणारा बँक कर्मचारी न्यू जर्सीत किंवा आणखी कुठे बसलेला असतो. ग्राहकाने स्वतः समाजमाध्यमावर उघडपणे टाकलेला, ती साडी नेसलेला फोटोही घेणारी व्यक्ती आणि कार्डधारक एकच असल्याचं दाखवू शकतो.

तिसरी शक्यता घरातल्या माणसाची. कार्ड सुनेचं आणि ऑर्डर सासूबाईंची, असं सर्रास घडतं. आडनाव एक, पत्ता एक, फक्त नाव वेगळं. घरातल्याच व्यक्तीने खरेदी केली, याचा पुरावाही व्हिसाच्या नियमांना चालतो.

डिजिटल मालाचं, म्हणजे ऑनलाइन वर्ग, ई-पुस्तकं यांचं थोडं वेगळं आहे. तिथे पत्ता नसतोच. मग माल उतरवून घेतल्याची तारीख-वेळ, त्या क्षणीचा आयपी आणि त्यानंतर त्याच खात्यातून झालेला वापर यांवरच सगळा डोलारा उभा राहतो.

पत्र कसं लिहावं

बँकेतला माणूस असे अर्ज ढिगाने वाचतो. म्हणून पहिल्या पानावर निष्कर्ष असावा. आपल्या दाखल्यात ते पान असं सांगेल: ही हरकत 10.4 खाली आहे. याच कार्डावर याच दुकानातून झालेल्या, 341 आणि 269 दिवसांपूर्वीच्या, निर्वाद असलेल्या दोन खरेद्या आम्ही दाखवत आहोत. तिन्ही व्यवहारांत लॉगिन, पत्ता आणि आयपी सारखे आहेत. म्हणून या हरकतीची जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेकडे जावी. खाली तीन व्यवहारांचा तक्ता, प्रत्येकी एका ओळीत तारीख, रक्कम, वस्तू, खातं, पत्ता, आयपी. पुढच्या पानांवर गेटवेच्या नोंदींची चित्रं, जुळणाऱ्या ओळींना खूण करून. त्यानंतर कुरिअरची नोंद आणि दोन-चार निवडक संदेश. एवढं बास.

संकेतस्थळाचे दुवे देऊ नयेत. बँकेत ते उघडले जात नाहीत, म्हणून जे दाखवायचं ते कागदावरच हवं. कार्डाचा पूर्ण क्रमांक कुठे दिसत असेल, तर शेवटचे चार आकडे ठेवून बाकी झाकावा. मागचे तीन आकडे तर दुकानदाराने मुळात साठवूनच ठेवायचे नसतात, तशी मनाई आहे. भाषा थंड असावी. ग्राहकाला खोटारडं ठरवणारं वाक्य पुराव्याला काडीचीही मदत करत नाही.

मुदतीचं भान सगळ्यात महत्त्वाचं. व्हिसाच्या नियमात दुकानदाराच्या बाजूला 30 दिवस असतात, पण ते बँकेचे. गेटवे आणि बँक आपापला वेळ राखून ठेवतात, म्हणून दुकानदाराच्या वाट्याला त्यातले थोडेच उरतात. तारीख चुकली की हरकत मान्य केली असं समजलं जातं. आणि बहुधा एकदाच पाठवता येतं. अर्धवट पाठवून ‘बाकी नंतर देतो’ चालत नाही.

फोन करावा का?

करावा, शक्यतो पहिल्याच दिवशी. ‘ओळखत नाही’ म्हणणाऱ्यांत लबाड असतात, पण खरोखर न ओळखणारेही पुष्कळ असतात. कारण कार्डाच्या पत्रकावर दुकानाचं नाव तिसरंच उमटतं. संकेतस्थळाला छानसं ब्रँडनाव, आणि बँक खातं वडिलांनी काढलेल्या जुन्या पेढीच्या नावे. पत्रकावरच्या वीस-पंचवीस अक्षरांत ती पेढी दिसते, पैठणीचा मागमूसही नसतो. बाईंनी नवऱ्याला विचारलं, त्यालाही आठवेना, बँकेला फोन केला, बँकेने कार्ड बंद करून तक्रार नोंदवली. यात लबाडी कुणाचीच नाही.

अशा वेळी ‘अगंबाई, ती पैठणी होय!’ असं उत्तर आलं, तर त्यांना दोन गोष्टी सांगाव्या. त्यांनी आपल्या बँकेला तक्रार मागे घेत असल्याचं लेखी कळवावं आणि तसाच एक ईमेल दुकानालाही पाठवावा. तो ईमेल उत्तराला जोडायचा. मात्र त्यांच्या तोंडी आश्वासनावर विसंबून उत्तर पाठवणं थांबवू नये. आणि घाईने परतावाही देऊ नये. हरकतीचे पैसे आधीच गेलेले असतात. वर परतावा दिला तर एकाच साडीचे पैसे दोनदा जातात.

जिथे लढू नये

काही हरकती खऱ्या चोरीच्या असतात. नवं खातं, कार्ड एका राज्यातलं आणि पत्ता दुसऱ्याच राज्यातला, ऑर्डरच्या आधी दहा मिनिटांत दोन-तीन कार्डं नाकारली गेलेली, सगळ्यात महाग कुरिअरचा आग्रह, रंग किंवा मापाची एकही चौकशी नाही. हे एकत्र दिसलं, तर कार्डाची मालकीण खरं बोलते आहे. तिथे पुरावा सापडणार नाही, कारण तो नाहीच. हरकत मान्य करावी आणि माल अजून वाटेत असेल तर कुरिअरला तो परत फिरवायला सांगावं.

लढण्याला पैशाचीही एक सीमा असते. दुकानदाराच्या उत्तरानंतरही कार्ड देणारी बँक अडून राहिली, तर प्रकरण व्हिसाच्या लवादापुढे नेता येतं. तिथे हरणाऱ्याला शेकडो डॉलरचं शुल्क भरावं लागतं. 18,500 रुपयांच्या पैठणीसाठी तिथवर जाणं आतबट्ट्याचं. पहिलं उत्तर भक्कम असण्याला म्हणूनच इतकं महत्त्व आहे.

आणि ते भक्कम होतं डिसेंबरात नव्हे, जानेवारीत. आयपी, उपकरणाचा ठसा आणि लॉगिन या नोंदी ऑर्डरच्या क्षणी साठवल्या गेल्या नाहीत, तर नंतर कुठूनही आणता येत नाहीत. बरीच तयार संकेतस्थळं त्या काही महिन्यांनी पुसून टाकतात. त्या किमान दीड वर्ष टिकतील अशी सोय करून घ्यावी, परदेशी ग्राहकाला खातं उघडूनच खरेदी करू द्यावी, कार्ड देणाऱ्या बँकेची पडताळणी परदेशी कार्डांसाठीही सुरू करता येते का ते गेटवेला विचारावं. आणि पत्रकावर उमटणारं नाव ग्राहकाला माहीत असलेलंच असेल, एवढं बघावं. या शेवटच्या कामाला गेटवेकडे एक अर्ज पुरतो आणि त्यामुळे काही हरकती उठतच नाहीत.